शंभर ज्येष्ठांवर साडेतीनशेंचं ओझं

ऑनलाइन सर्वेक्षणात तरुण जास्त आले की "वजन दिलंय, काळजी नको" असं सांगितलं जातं. मला या वाक्याची फार काळजी वाटते. वजन देणं म्हणजे जास्त आलेल्या गटाचं उत्तर कमी आणि कमी आलेल्या गटाचं उत्तर जास्त मोजणं. एक काल्पनिक उदाहरण घेऊन आकडेमोडच करून बघू.

समजा 1000 जणांनी उत्तरं दिली. त्यात 30 वर्षांखालचे 600, तिशी-चाळिशीतले 300 आणि पन्नाशीपुढचे फक्त 100. प्रौढ लोकसंख्येत मात्र याच गटांचा वाटा 25, 40 आणि 35 टक्के आहे. एखाद्या प्रस्तावाला तरुणांपैकी 70 टक्के, मधल्यांपैकी 50 टक्के आणि ज्येष्ठांपैकी 30 टक्के लोकांचा पाठिंबा आहे. सरसकट मोजलं तर 60 टक्के, म्हणजे दणदणीत बहुमत.

आता वजन देऊ. लोकसंख्येतल्या वाट्याला नमुन्यातल्या वाट्याने भागायचं, एवढंच. तरुणाचं उत्तर साधारण 0.42 मोजलं जातं, मधल्याचं 1.33 आणि ज्येष्ठाचं 3.5. पाठिंबा येतो 48 टक्क्यांवर. बहुमत गेलं!

इथपर्यंत वजन देणं योग्यच आहे, ते न देणारा निकाल मी वाचणारही नाही. पण त्याची किंमत कुणी सांगत नाही. वजनांच्या बेरजेचा वर्ग भागिले वजनांच्या वर्गांची बेरीज, हे सांख्यिकीतज्ज्ञ लेस्ली किश यांचं सूत्र. त्यातून प्रभावी नमुना निघतो, म्हणजे वजन दिल्यावर सर्वेक्षण किती जणांच्या साध्या सर्वेक्षणाइतकं नेमकं उरतं तो आकडा, आणि तो इथे जेमतेम 537 आहे. त्रुटीची मर्यादा, म्हणजे खरा आकडा निकालाच्या किती वर-खाली असू शकतो ती, सुमारे 3.1 वरून 4.2 टक्क्यांवर जाते. म्हणजे 48 आला म्हणून "बहुमत विरोधात" असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी बातमीत आकडा छापतात तो 1000 च.

वजन टोकाला गेलं की काय होतं, ते 2016 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत दिसलं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि लॉस एंजेलिस टाइम्सच्या पाहणीत वयाचे गट फार बारीक पाडले होते. तिथे एका तरुण कृष्णवर्णीय मतदाराचं वजन सरासरीच्या सुमारे 30 पट झालं आणि एका माणसाच्या उत्तराने कृष्णवर्णीय मतदारांचा कल हलू लागला.

त्याहून खोल अडचण वेगळीच आहे. आपल्या 100 ज्येष्ठांनी मोबाइलवर लिंक उघडून फॉर्म भरलाय. ज्यांनी तो भरला नाही, तेही असाच विचार करतात हे गृहीत धरूनच प्रत्येकाला साडेतीन जणांच्या जागी बसवलंय. ते गृहीतक चुकलं, तर वजन तीच चूक साडेतीनपट करतं.

हे काही प्रमाणात तपासता येतं. जनगणनेत उत्तर मिळेल असा एखादा प्रश्न, उदाहरणार्थ शिक्षण, सर्वेक्षणातही विचारा. ज्येष्ठांच्या गटात पदवीधर जनगणनेपेक्षा कितीतरी जास्त निघाले, तर शिक्षणाचंही वजन द्यावं लागेल. पण 100 जणांत कमी शिकलेले पाचच असतील, तर पुन्हा तेच. पाच माणसांवर सगळा डोलारा.

म्हणून माझा आग्रह आहे, की निकालासोबत प्रत्येक गटात किती जण होते, सगळ्यात मोठं वजन किती आणि प्रभावी नमुना किती, हे तीन आकडे छापा. आणि सर्वेक्षण बंद करण्याआधी आणखी दोनशे ज्येष्ठांना फोन लावा.