पैसे ११ सेकंद आधी आले म्हणून ऑर्डर मेली

रविवारी सकाळी पावणेसातला क्लायंटचा फोन. आंब्याचा बागायतदार, ऐन सीझन. "अहो, तुमची ती वेबसाइट काय माणसं फसवते की काय?" हे माझं सुप्रभात.

दादरच्या एका काकूंनी आदल्या रात्री शेवटची पेटी घेतली. यूपीआयने पैसे भरले. ९:१४ ला त्यांना मेल गेला, "पैसे मिळाले, धन्यवाद." ९:४५ ला दुसरा मेल, "पैसे न भरल्यामुळे आपली ऑर्डर रद्द." दुकान तेच, ऑर्डर तीच, मध्ये अर्धा तास! काकूंनी दोन्ही मेलचे स्क्रीनशॉट एकाखाली एक चिकटवून, लाल गोल काढून पाठवलेत. तोवर पेटी दुसऱ्याच कुणीतरी उचललेली. आणि रिफंड? तोही नाही. आमचा कोड रिफंड फक्त PAID ऑर्डरला देतो, आणि त्याच्या लेखी काकूंनी दमडीही दिलेली नव्हती.

लॉग उघडले. ते यूटीसीमध्ये, कारण असे सर्व्हर लावणाऱ्या महाभागांना साडेपाच तास मिळवायला लावण्यात आनंद मिळतो. 15:44:08 ला गेटवेचा कॉलबॅक आला, सही तपासली, ऑर्डर PAID केली, मेल धाडला, 200 उत्तर दिलं. चोख. 15:44:19 ला काकूंचा ब्राउझर आमच्या पानावर परतला, आणि त्या पानाने PAID पुसून त्यावर AWAITING लिहिलं. म्हणजे "ग्राहक परत आला, आता कॉलबॅकची वाट बघू." कसली वाट? तो येऊन, काम करून, घरी जाऊन झोपलासुद्धा! पुन्हा कोण येणार? अर्ध्या तासाने क्रॉनने बघितलं, AWAITING तशीच पडलीय, मारा.

अकरा सेकंद. काकूंनी काय केलं असेल? हिरवी बरोबरची खूण बघितली, टिंग ऐकलं, काकांना सांगितलं, मग सावकाश परत आल्या. माणसं अशीच वागतात. गेटवेचा सर्व्हर त्यांच्यासाठी थांबत नाही. काकू अजून अ‍ॅपमध्ये असतानाच तो थेट आमच्या सर्व्हरशी बोलून मोकळा होतो. कित्येकदा तर फोन मागचा ब्राउझर मारूनच टाकतो आणि ग्राहक परत येतच नाही. गंमत म्हणजे तो परत आला नसता तर ऑर्डर जगली असती. आमच्याकडे प्रामाणिकपणे परत येणाऱ्यालाच शिक्षा.

आता हे कुठल्या गाढवाने लिहिलं म्हणून दात ओठ खात `git blame` मारलं.

मी.

दोन वर्षांपूर्वीचा मी, वर कॉमेंटसह: "कॉलबॅक नंतर येईल." कुणी सांगितलं होतं रे तुला? तर चाचणीने. तेव्हा लॅपटॉपवर टनेल लावून टेस्ट करत होतो, पैसे भरल्याचं खोटं बटण दाबलं की ब्राउझर क्षणात परत यायचा आणि कॉलबॅक रेंगाळत. शंभरदा तसंच झालं म्हणून मी तो निसर्गनियम समजलो.

बरं, मागच्या वर्षी याचंच एक प्रकरण झालं होतं तेव्हा एका हुशाराने कॉलबॅकच्या कोडमध्ये `sleep(10)` घातलं होतं. ब्राउझरला आधी पोचू द्यायला! गेटवेला वेळेत उत्तर मिळेना, मग तो तोच कॉलबॅक पुन्हा पाठवी, आणि लोकांना "धन्यवाद"चे तीन तीन मेल. `sleep` टाकून शर्यत सोडवणाऱ्यांना आठवडाभर कस्टमर केअरला बसवा. (तो हुशार मी नव्हतो. एवढं तरी राहू दे.)

दुरुस्ती? लाज वाटावी इतकी छोटी.

```sql
UPDATE orders SET status = 'AWAITING'
WHERE id = ? AND status = 'CREATED';
```

ऑर्डर अजून CREATED असेल तरच हात लावायचा. शून्य ओळी बदलल्या तर कॉलबॅक आधी येऊन गेलाय, गप्प बसायचं आणि जे आहे ते दाखवायचं. अट त्याच वाक्यात हवी. आधी वाचून, `if` लावून मग लिहिलं तर त्या दोन्हींच्या मधल्या फटीत कॉलबॅक घुसतोच. आणि क्रॉनला सांगितलं, मारण्याआधी गेटवेला विचार, पैसे आलेत का.

काकूंना पुढच्या तोडीची पेटी जातेय, भाडं माझ्या खिशातून. क्लायंट म्हणाला, "आता परत नाही ना होणार?" म्हटलं, छे हो, जमतंय का.

फोन ठेवला आणि आठवलं. ग्राहकाचा पहिला प्रयत्न फसला, दुसरा जमला, आणि पहिल्याच्या अपयशाची बातमी उशिरा आली तर? कॉलबॅकचा कोड उघडला. FAILED लिहितो. कसलीही अट नाही.

चहा गार झालाय.