सतरंजीवरच्या वर्गालाही ‘प्रक्रिया’ असतेच

वाचकाची प्रतिक्रिया: “बावीस वर्षं देवळाच्या सभामंडपात सतरंजीवर फुकट योगवर्ग घेतोय. योग म्हणजे साबण नव्हे, की त्याला मार्केटिंगचे सात पी लावावेत. माणसं, प्रक्रिया आणि ‘भौतिक पुरावा’ म्हणजे शेवटी आरसे, उदबत्त्या आणि गोड बोलणारी रिसेप्शनिस्ट. शिक्षक चांगला असला की पुरतं. तुमचं परीक्षण मला पटलं नाही.”

नमस्कार. एका योग स्टुडिओचं परीक्षण मी मार्केटिंगच्या सात पींवर, म्हणजे इंग्रजीत P ने सुरू होणाऱ्या सात बाबींवर केलं होतं, त्यावरची ही तुमची प्रतिक्रिया. योग साबण नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, आणि नेमक्या याच कारणासाठी चाराचे सात पी झाले. उत्पादन, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी ही चौकट 1960 सालची. ती वस्तूंना पुरत होती. सेवा मात्र घेणाऱ्याच्या समोरच घडते, आधी बनवून फळीवर ठेवता येत नाही. म्हणून 1981 मध्ये मार्केटिंगचे अभ्यासक बूम्स आणि बिटनर यांनी त्यात माणसं, प्रक्रिया आणि भौतिक पुरावा यांची भर घातली.

शिक्षक चांगला असला की पुरतं का, हे त्या स्टुडिओत मी जे पाहिलं त्यावरूनच सांगतो. तिथल्या मुख्य शिक्षिका उत्तम आहेत, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण बॅच चोवीस जणांची. तासातून प्रार्थना आणि शवासन वजा केलं तर पंचेचाळीस मिनिटं उरतात, म्हणजे माणशी दोन मिनिटंसुद्धा नाहीत. शिवाय आठवड्यातून दोन दिवस बदली शिक्षक येतात.

अशाच एका बदलीच्या दिवशी शेजारच्या मॅटवरच्या काकू सर्वांगासनाला पाय उचलत होत्या. सहज बोलता बोलता कळलं, त्यांना काचबिंदू आहे. डोकं खाली आणि पाय वर गेले की डोळ्यातला दाब वाढतो, आणि काचबिंदूत तोच वाढू द्यायचा नसतो. अधोमुख श्वानासनातसुद्धा तो वाढतो. बदली शिक्षकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

प्रवेश अर्जावर एकच ओळ होती: ‘काही आजार आहे का?’ काकूंनी तिथे गुडघेदुखी लिहिली होती. डोळ्याचा योगाशी काही संबंध असेल, असं त्यांना वाटलंच नाही. प्रश्न नाव घेऊन विचारायला हवा: रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचं दुखणं, अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भारपण. पुढे ते उत्तर अर्जावरून हजेरीपटावर, नावाच्या शेजारी यायला हवं आणि वर्ग घेणाऱ्याने बॅच सुरू होण्याआधी ते वाचायला हवं. तिथे अर्ज स्वागतकक्षाच्या खणात राहतात. मी ‘प्रक्रिया’ कच्ची म्हटलं ते यासाठी. फी ऑनलाइन भरायची सोय तिथे झकास आहे, पण तिला मी फार गुण दिले नाहीत.

आता आरसे. समजा शिक्षकांना ठाऊक असतं, तर त्यांनी काकूंना सर्वांगासनाऐवजी पाठीवर झोपवून, डोकं जमिनीवर सपाट ठेवून पाय भिंतीला टेकवायला सांगितलं असतं. पण भिंत कुठे आहे? दोन बाजूंना जमिनीपर्यंत आरसे आहेत, तिसरीकडे खिडक्या, चौथीकडे चपलांचं कपाट. मोकळ्या भिंतीशी जेमतेम पाच जण मावतात. चोवीस मॅटना लाकडी विटा सहा, पट्टे चार. भौतिक पुरावा म्हणतो तो मी हा. या खोलीत काय शिकवता येईल आणि काय नाही, हे सामान आणि भिंती पाहून कळतं. पुण्यातली आयंगार संस्था 1975 सालची. तिथल्या सभागृहात भिंतीला टांगलेले दोर, पट्टे, लोड आणि खुर्च्या दिसतात, आणि कडक अंगाच्या माणसालाही इथे काहीतरी करता येईल हे नव्या माणसाला न सांगता समजतं. उदबत्तीने असं काही समजत नाही.

एका बाबतीत तुमचा आक्षेप रास्त आहे. परीक्षणात मी प्रकाशयोजना आणि सुवासावर अख्खा परिच्छेद खर्च केला आणि भिंतीवर दोन ओळी. तो भाग आज बदलतोय.

तुमच्या सभामंडपाबद्दलही लिहावंसं वाटतं. कुणाचा गुडघा वाकत नाही, कुणाचं बायपास झालंय, कोण आठवडाभर आलं नाही, हे बावीस वर्षांत तुम्हाला तोंडपाठ झालं असणार. हीच तुमची प्रक्रिया. फक्त ती कागदावर नाही, तुमच्या आठवणीत आहे. एकच शिक्षक असेल तोवर ती पक्की चालते, किंबहुना अर्जापेक्षाही चांगली चालते. स्टुडिओत तीन शिक्षक आणि दिवसाला पाच बॅच, तिथे कुणा एकाच्या आठवणीवर भिस्त ठेवता येत नाही. तुम्ही गावाला जाता तेव्हा तुमचा वर्ग कोण घेतं, आणि त्यांना यातलं किती सांगून जाता? सवडीने कळवलंत तर पुढच्या परीक्षणात मला त्याचा उपयोग होईल.