शाल एजंटला, चहाचा ट्रे पोट्ट्याच्या हातात

आज आमच्या इथल्या एका जिनिंगमध्ये पूजा होती. आगीचा क्लेम मंजूर झाला म्हणून. विमा एजंटला शाल-श्रीफळ, भाषण, टाळ्या. आणि ज्या पोरामुळे पैसे आले, तो चहाचा ट्रे घेऊन फिरत होता. डोकं फिरलं माझं. घरी येऊन लिहितो आहे, भाषा जरा तिखट झाली तर सांभाळून घ्या.

पोरगं बी.कॉम., इथंच क्लार्क. महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट बँकेत द्यावं लागतं, त्याच्यात मालाचा विमा किती, हाही रकाना असतो. बाकी लोक मागच्या महिन्याचा आकडा उतरवून मोकळे होतात. यानं पॉलिसीची पीडीएफ उघडली. शेड्यूलमध्ये इमारत ६० लाख, माल २० लाख. गोदामात रुईच्या दोनशेच्या आसपास गाठी, म्हणजे मालच साठेक लाखाचा. पत्र्याचं शेड वीस लाखांचं. प्रपोजल फॉर्म काढला तर त्यात इमारत २०, माल ६०. टाइप करणाऱ्यानं आकडे उलटे टाकले होते.

कोणाला दिसलं काहून नाही? बेरीज दोन्हीकडे ८० लाख. दोन्हींना दर एकच, म्हणून प्रीमियमही तितकाच. एजंट म्हणाला, "टोटल बरोबर आहे ना बाबू, मग कायले टेन्शन घेतं?" शेठजी म्हणाले, "पुढच्या रिन्यूअलले पाहू."

आता हिशेब बघा, मी आयुष्यभर हेच करत आलो. आगीच्या पॉलिसीत प्रत्येक बाब वेगळी मोजतात. माल ६० लाखांचा आणि विमा २० लाखांचा, म्हणजे तुम्ही एक तृतीयांशच विमा काढला असं धरतात. मग १५ लाखांचा माल जळाला तर हातात ५ लाख. नुकसान वीस लाखांच्या आत आहे ना, मग पूर्ण मिळेल, हा लोकांचा भ्रम आहे. इमारतीवर जास्तीचे ४० लाख आहेत, ते मालाकडे वळवता येत नाहीत. छोट्या उद्योगांच्या पॉलिसीत कमी विम्याला १५ टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण इथं फरक किती होता ते बघा.

पोट्टा ऐकला नाही. प्रपोजलची प्रत जोडून विमा कंपनीच्या शाखेला मेल टाकला, उत्तर नाही म्हणून शेवटी एसटीनं जाऊन बसला टेबलापुढं. चूक दुरुस्तीची एंडोर्समेंट घेऊनच परत आला. शेठजी त्या दिवशी भडकले होते, अर्धा दिवस वाया घालवला म्हणून!

नवव्या दिवशी रात्री गोदामात शॉर्टसर्किट. मी गेलो होतो पाहायला. बाहेरून विझलेली गाठ दुसऱ्या दिवशी फोडली तर आत लाल निखारा. रुई अशीच जळते, आतल्या आत, आणि पाण्यानं भिजलेला मालही कामाचा राहत नाही. पंधरा लाखांच्या घरात नुकसान.

आणि इथं खरी गोम आहे. सर्व्हेयरनं पहिला प्रश्न हाच केला, की आगीच्या आठवडाभर आधी मालाचा आकडा वाढला कसा? त्याचं चुकलं असं म्हणत नाही, त्याच्या जागी मीही तेच विचारलं असतं. एजंट तेव्हा फोन उचलत नव्हता. पोरानं फाइल पुढं ठेवली. आधीचा सहीशिक्क्याचा प्रपोजल, महिन्यामहिन्याचे बँकेला दिलेले स्टॉकचे आकडे, मेलची तारीख. आकडा वाढवला नव्हता, पहिल्यापासून मागितलेलाच होता, हे कागदानं सिद्ध केलं. हीच दुरुस्ती आगीनंतर मागितली असती, तर किती चपला झिजल्या असत्या देव जाणे.

बरं, एजंटनंही नंतर फॉर्म भरायला, फोटो काढायला धावपळ केली. केली, मान्य. शाखेतल्या माणसाच्या टेबलावर मार्चमध्ये ढीग असतो, तेही मान्य. पण "टोटल बरोबर आहे" म्हणणाऱ्याला शाल?

पोरगं मात्र शांत. मी म्हटलं, "काय बे, तुले राग नाही येत?" तर म्हणे, "काका, पॉलिसी बँकेच्या नावानं आहे, पैसे आधी कर्ज खात्यात जमा होतील, त्याचं स्टेटमेंट काढून ठेवतो." हसू आलं मला. राग तिथंच थोडा उतरला.

त्यानं दिवाळीत पगारवाढ मागितली होती, "पाहू" असं उत्तर मिळालं. शेठजी, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात आणि माझ्या पोस्ट वाचता, लाइक करत नसलात तरी. पाच आणि पंधरामधला फरक दहा लाख आहे. त्यातले महिन्याला दोन-तीन हजार त्या पोराला द्या, मग मी ही पोस्ट डिलीट करतो.