राष्ट्रीय उत्पन्नात भर घालू इच्छिणाऱ्या गृहिणींस काही सूचना

पहाटे पाचला उठून डबे करणाऱ्या, दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा गॅसवर आणि दुसरा पोराच्या गृहपाठावर ठेवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही देशासाठी काही करत नाही अशी खंत तुम्हाला वाटते का? वाटायलाच हवी. जीडीपीच्या आकड्यात तुमचा एक पैसा नाही. पण धीर सोडू नका, थोडे कष्ट घेतलेत तर आत शिरता येतं.

पहिला आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे बाई असण्याऐवजी घर व्हा. चेष्टा नाही करत. तुम्ही स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये राहत असाल, तर तो फ्लॅट तुम्हाला दरमहा भाडं देतो असं हिशेबात धरतात. भाडं कुणी देत नाही, कुणी घेत नाही, पण शहरात तशाच घरांना जे भाडं मिळतं त्यावरून अंदाज काढून ते राष्ट्रीय उत्पन्नात जमा करतात. भिंती नुसत्या उभ्या राहतात आणि उत्पादन होतं. त्या भिंतींची जळमटं काढणारी मात्र हिशेबाबाहेर.

यामागचं शास्त्र समजून घ्या, म्हणजे उगाच गैरसमज नको. काही देशांत लोक भाड्यानं राहतात, काही देशांत स्वतःच्या घरात. स्वतःच्या घराचं भाडं धरलं नाही तर दोन देशांची तुलनाच चुकेल, आणि उद्या सगळ्या भाडेकरूंनी घरं विकत घेतली की उत्पन्न उगाच घटल्यासारखं दिसेल. अगदी पटण्यासारखं आहे. आता यातलं ‘घर’ खोडून ‘स्वयंपाक’ लिहा आणि पुन्हा वाचा. एका देशात लोक खाणावळीत जेवतात, दुसऱ्यात घरी. तरीही पटतंय ना? मग तोंडाने बोलू नका. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत याचं उत्तर दिलेलं आहे. घरातली सेवा बाजारात जात नाही, तिला खरी किंमत नसते आणि ती धरली तर जवळजवळ सगळी प्रौढ माणसं कामकरी ठरतील, मग बेकारी मोजायची कशी? एवढी मोठी सोय तुमच्या पोळ्यांसाठी मोडायची होय?

दुसरा उपाय शेजारणीच्या मदतीनं करायचा. तुम्ही तिच्या घरी स्वयंपाकाला जा, तिनं तुमच्याकडे यावं. तुम्ही तिच्याकडून महिना 6,000 घ्या, तिनं तुमच्याकडून 6,000 घ्यावेत. खिशात कुणाच्याच काही पडणार नाही, आमटी थोडी खारट होईल, पण वर्षाअखेरीस देशाच्या उत्पन्नात 1,44,000 रुपयांची भर पडेल. कारण घरकामाच्या बाईचा पगार मोजतात. पिगू नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं याची उलटी बाजू शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवली आहे: साहेबानं आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं की देशाचं उत्पन्न घटतं. तेव्हा लग्न हाच मुळात देशद्रोह आहे. (आमच्याकडे हे मी जेवताना सांगितलं. “मीठ वाढ जरा,” एवढंच उत्तर आलं.)

शेजारीण तयार नसेल, तर सेवा सोडा आणि वस्तू करा. रेषा तिथे आखलेली आहे. घरच्यासाठी केलेली वस्तू नियमानं आत, घरच्यासाठी केलेली सेवा बाहेर. कैरीचं लोणचं घाला, दळण दळा, विहिरीवरून पाणी आणा, 1993 पासूनच्या नियमांत हे सगळं उत्पादन आहे. तेच लोणचं ताटात वाढलंत, तेच पाणी सासऱ्यांना प्यायला दिलंत, की तुम्ही रेषेच्या पलीकडे. पण नियम आंतरराष्ट्रीय आणि घर आपलं, म्हणून इथेही जपून. आपल्याकडे गुराचं शेण पशुधनाच्या उत्पन्नात मोजतात. म्हशीनं पो टाकला की देश पुढे जातो. त्याच शेणाच्या गोवऱ्या घरच्या चुलीसाठी थापणारी बाई मात्र रोजगाराच्या सर्वेक्षणात 93 क्रमांकात पडते: घरकाम करून शिवाय फुकटचं सरपण वगैरे गोळा करणारी. नुसतं घरकाम केलं तर 92. दोन्ही क्रमांक ‘श्रमशक्तीबाहेर’ या कप्प्यात. म्हैस आत आहे, हे लक्षात असू द्या.

देशाचं उत्पन्न मोजायला 1949 साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली तेव्हा तिच्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस, अर्थतज्ज्ञ राव आणि आपले पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते. विद्वत्तेबद्दल शंकाच नाही. तिघांपैकी कुणाच्या हातात लाटणं गेलं असेल, याबद्दल थोडी आहे.

असो. सरकारनं आता वेळ-वापर सर्वेक्षण सुरू केलंय, तेव्हा प्रगणक दारात आला की नीट वागा. 2024 च्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी 289 मिनिटं निघाली, पुरुषांची 88. तीही फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी, न लावणारे तिच्यात धरलेलेच नाहीत. दिवस पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणांत विचारतात. खणात एकाहून जास्त कामं असतील तर दहा मिनिटांच्या खालचं काम लिहीत नाहीत. म्हणून सासूबाईंना गोळी द्यायला दोन मिनिटं, पाठीला उशी लावायला एक, “अगं, ऐकलंस का” म्हणून तीनदा उठायला प्रत्येकी अर्धं, असली किरकोळ कामं करू नका. सगळ्या हाका साठवा आणि एकदम दहा मिनिटांत उरका. आणि कान दारापाशी ठेवून बसणं हे काम आहे असं तर चुकूनही सांगू नका, तो ते ‘टीव्ही पाहणे’ म्हणून लिहील, कारण टीव्ही चालू होता.

मिनिटं मोजली तरी भाव कोण लावणार? 289 मिनिटांचे वर्षाला साधारण 1,758 तास होतात. कामवालीच्या दरानं, समजा तासाला 50 रुपयांनी, 87,900 रुपये. तो दर इतका कमी का? कारण हे काम बायका घरी फुकट करतात. फुकट कामाचा भाव फुकटपणावरून काढायचा, असा हा हिशेब.

यापेक्षा बरा भाव हवा असेल तर शेवटचा उपाय न्यायालयाचा. मोटार वाहन कायद्याच्या 1994 च्या परिशिष्टात भरपाईसाठी न कमावत्या पत्नीचं उत्पन्न पतीच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश धरलं होतं. पोळी तीच, पण कारकुनाच्या घरात कमी फुगते, साहेबाच्या घरात जास्त. 1989 मध्ये जमशेदपूरला एका समारंभात मंडपाला आग लागली, त्या खटल्यात 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या सेवेला महिना 3,000 रुपये ठरवले. रोख, भारतीय चलनात, कुठलीही रेषा मध्ये न आणता. त्यासाठी एकच लहानशी अट आहे, बाई आधी मेलेली असावी लागते. आणि हा दर 34 ते 59 वयापर्यंतचा. त्याहून म्हाताऱ्या बायकांना वर्षाला 20,000 धरले होते, तेव्हा जायचंच असेल तर साठीच्या आत उरकून घ्या.