फॅमिली प्लॅनसाठी कुटुंब कसं जमवावं

गाण्यांच्या किंवा व्हिडिओच्या अ‍ॅपचा फॅमिली प्लॅन घ्यायचं ठरवलंत, उत्तम केलंत. आता फक्त फॅमिली तेवढी जमवायची राहिली. त्यासाठी लग्न, मुलंबाळं असल्या लांबच्या वाटेला जायची गरज नाही. फोनमधला कुठलाही ग्रुप उघडा आणि ‘कोण कोण आहे?’ एवढंच विचारा. पाच मिनिटांत सहाजण गोळा होतात. पैसे मागायला लागलात की त्यातले किती उरतात, ते पुढे पाहू.

आधी हिशेब. समजा, एकट्याच्या प्लॅनला महिन्याला १०० लागतात आणि सहाजणांच्या प्लॅनला १८०. म्हणजे डोई ३०. कागदावर हा आकडा इतका गोंडस दिसतो की आपलं कार्ड देऊन मॅनेजर व्हायला तुम्ही लगेच तयार होता. पहिल्या महिन्यात सगळे पैसे देतात, काहीजण तर वर अंगठाही दाखवतात. पुढे एकजण ‘आज पाठवतो’ म्हणतो, दुसऱ्याला ‘आपण वापरतच नाही’ असा साक्षात्कार होतो, तिसरा थेट वर्षाचे एकदम देणार असतो. शेवटी तुम्ही आणि एक भला माणूस उरता आणि १८०चे दोन वाटे होतात, ९० आणि ९०. एकट्याने १०० भरले असते, त्यापेक्षा पूर्ण दहा वाचले. शिवाय चारजणांना दर महिन्याला आठवण करून देण्याचं काम मिळालं ते वेगळंच.

या वर्गणीबद्दल कंपनीची काहीच तक्रार नसते. कोणी किती दिले, कोणी बुडवले, हे ती विचारत नाही. ती विचारते एवढंच की तुम्ही सगळे राहता कुठे. स्पॉटिफायच्या फॅमिली प्लॅनमध्ये सहाजण चालतात, पण सगळे एकाच पत्त्यावर राहणारे हवेत. दोघांच्या ड्युओ प्लॅनलाही तीच अट. यूट्यूब प्रीमियमच्या फॅमिली प्लॅनमध्ये मॅनेजर आणि आणखी पाचजण, तेही मॅनेजरच्याच घरात राहणारे. त्यामुळे एखादी गंमत घडते. तुमची सख्खी बहीण शिकायला दुसऱ्या गावी राहत असेल, तर स्पॉटिफायच्या हिशेबी ती तुमच्या कुटुंबात बसत नाही. आणि भांडी कोणी घासायची यावरून ज्याच्याशी रोज वाजतं, तो रूममेट मात्र बसतो. नियम मोडायची एवढी हौस नसेल, तर त्या रूममेटशी जुळवून घ्या. त्याच्याबरोबर पैसे वाटून घेतलेत तर कोणी काही म्हणणार नाही.

पण तुम्ही हौशी आहात. तेव्हा सगळ्या सभासदांना तुमचा पत्ता पाठवून द्या. आमंत्रण स्वीकारताना स्पॉटिफाय प्रत्येकाला पत्ता टाकायला लावतं आणि तो मॅनेजरच्या पत्त्याशी जुळतो का, ते बघतं. ‘मजला विसरू नकोस’ अशी सूचना देऊन पाच शहरांतल्या पाचजणांना एका घरात कोंबा. त्यानंतर पाचही शहरांतून रोज गाणी वाजू लागली, तरी कोणाच्या काही लक्षात येणार नाही, असं मनाशी धरून चाला. मधूनमधून पत्त्याची पुन्हा पडताळणी करण्याचा हक्क कंपनीने अटींतच ठेवलेला असतो, पण अटी वाचण्याचा हक्क तुम्ही कधी बजावलाय? यूट्यूबने तर आपल्या मदतीच्या पानावर लिहूनच ठेवलंय की दर ३० दिवसांनी तपासणी होते. ती आपोआप होते, कोणी दार वाजवायला येत नाही. २०२५मध्ये वेगळ्या पत्त्यावरच्या सभासदांना ईमेल गेले की १४ दिवसांनी तुमचे फायदे थांबतील. खातं राहतं, जाहिराती तेवढ्या परत येतात. तुम्ही जमवलेल्या कुटुंबातला पहिला वियोग बहुधा याच मार्गाने होतो.

सभासद वगैरे करत बसायचा कंटाळा असेल, तर सरळ पासवर्ड वाटा. यालाही परंपरा आहे. ‘प्रेम म्हणजे पासवर्ड वाटणं’ अशा अर्थाचं वाक्य खुद्द नेटफ्लिक्सने २०१७मध्ये ट्विटरवर टाकलं होतं. पुढे २०२२मध्ये कंपनीने मोजलं तेव्हा १० कोटींहून जास्त घरं दुसऱ्याच्या खात्यावर प्रेम करत असल्याचं निघालं आणि २०२३मध्ये प्रेम आटोपतं घेण्यात आलं. आता खातं एका घराचं. ते घर ठरतं टीव्ही ज्या इंटरनेट जोडणीवर चालतो तिच्यावरून, आणि आयपी पत्ता, उपकरणाची ओळख, खात्यावरची हालचाल यांवरून कोण घरचं आणि कोण बाहेरचं ते ताडलं जातं. बाहेरच्या टीव्हीवर एक दिवस पडदा अडतो. तात्पुरता कोड मागवायची सोय आहे, पण ती प्रवासात असलेल्या घरच्यांसाठी. कोड येतो खातेदाराच्या ईमेलवर किंवा फोनवर आणि १५ मिनिटांत विझतो. म्हणजे तुम्ही महत्त्वाच्या बैठकीत असताना मित्राचा फोन येणार, ‘कोड सांग ना, लवकर!’ आणि तुम्ही टेबलाखाली फोन धरून आकडे पाठवणार. असं किती काळ जमतं, ते तुमच्या नोकरीवर अवलंबून आहे.

अर्थात नेटफ्लिक्सने सरळ रस्ताही ठेवलेला आहे, पण त्यात थरार नाही. काही देशांत, काही प्लॅनवर, जादा पैसे भरून घराबाहेरचा माणूस ‘एक्स्ट्रा मेंबर’ म्हणून घेता येतो. त्याचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा, अट एवढीच की तो त्याच देशातला हवा. त्याची जुनी प्रोफाइल, काय बघितलं काय राहिलं याच्या नोंदीसकट, नव्या खात्यात हलवताही येते. असा चोख व्यवहार केलात, तर टेबलाखालून आकडे पाठवायचा प्रसंगच येणार नाही. म्हणून हे सहसा कोणी सुचवत नाही.

मॅनेजरपदाचा खरा मान हवा असेल तर अ‍ॅपलचा कुटुंब गट काढा. त्यात ‘पर्चेस शेअरिंग’ चालू ठेवलं की गटातल्या सगळ्यांच्या खरेदीचं बिल गट काढणाऱ्याच्या कार्डावर येतं. ग्रुपवर जेमतेम ओळख झालेल्या माणसाने मध्यरात्री गेममधली तलवार घेतली, तरी पैसे तुमचे. ही सोय सेटिंगमध्ये एका बोटाने बंद करता येते. पण ज्यांना आपण कुटुंब म्हटलं त्यांच्यावर अविश्वास दाखवायचा कसा? असू द्या चालू.

उरलेल्या जागा अनोळखी लोकांना विकायची कल्पना तर फारच उद्योजकीय. सेवा दुसऱ्याला विकू नये, हे कलम सहसा अटींमध्ये असतंच. अशा बाजारात जागा विकत घेणाऱ्याची मजा त्याहून मोठी: तो वर्षाचे पैसे आगाऊ देतो, महिन्याभरात मॅनेजर त्याला काढून तीच जागा पुढच्याला विकतो, आणि तक्रार कोणाकडे करायची, तर ज्या कंपनीच्या अटी मोडून आत शिरलो तिच्याकडेच.

आता तो वर्गणी बुडवणारा. त्याला गटातून काढायला दोन क्षण लागतात, खुशाल काढा. फक्त एक बारीकसा नियम आहे. स्पॉटिफाय आणि यूट्यूब या दोन्हींकडे माणूस बारा महिन्यांत एकदाच कुटुंब बदलू शकतो. तो रागाने दुसऱ्या कोणाच्या कुटुंबात गेला आणि आठवड्याभरात तुमचं मन द्रवलं, तरी वर्ष होईपर्यंत त्याला परत घेता येणार नाही. तोवर त्याच्या वाट्याचे ३० कोण भरणार, ते ग्रुपवर विचारून बघा. मेसेज सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा तरी नक्की दिसतील.