‘लहानमोठ्या गावांत सारखीच १२ घरं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

अभिप्राय (दोन तारे): “६०० घरांच्या गावात १२ घरं घेतली आणि ६० घरांच्या गावातही १२च! याला शास्त्रीय सॅम्पल म्हणायचं का? शिवाय घरयादीचे वेगळे पैसे लावले. मतदार यादी तयार होती की. अहवालही उशिरा.”

नमस्कार मॅडम,

अहवाल हातात पडायला उशीर झाला आणि तुमच्या बैठकीची पंचाईत झाली, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. पैशांचंही समजू शकतो. पण ‘१२च घरं’ हे वाक्य वाचून फार वाईट वाटलं. आमचं पोट याच कामावर आहे, आणि पुढचा ग्राहक काम देण्याआधी हे वाचणार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पाणीटंचाईच्या सर्व्हेतली गावं आम्ही पीपीएस पद्धतीने निवडली, म्हणजे ज्या गावात घरं जास्त त्याला निवडीची संधी जास्त. हिशोब सोपा जावा म्हणून गोल आकडे घेऊ. समजा, तालुक्याच्या खलाटीत, म्हणजे किनाऱ्याकडच्या भागात, २०११च्या जनगणनेप्रमाणे २४,००० कुटुंबं आहेत आणि २० गावं निवडायची आहेत. गावांची यादी करून कुटुंबांची बेरीज खालपर्यंत चढवत न्यायची. २४,००० भागिले २० म्हणजे १,२०० चं अंतर. १ ते १,२०० मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा आणि तिथून दर १,२०० वर जे गाव येईल ते घ्यायचं. यात ६०० घरांच्या गावाची संधी दोनात एक, ६० घरांच्या गावाची वीसात एक.

आता दोन्हीकडे १२ घरं घ्या. मोठ्या गावातल्या घराची एकूण संधी १/२ गुणिले १२/६००, म्हणजे १/१००. लहान गावातल्या घराची १/२० गुणिले १२/६०, म्हणजे तीही १/१००. मोठ्या गावाला त्याचं माप गाव निवडतानाच मिळालेलं असतं. तिथे पुन्हा जास्त घरं घेतली असती तर एकाच गोष्टीचं माप दोनदा पदरात पडलं असतं. सगळ्या गावांची सरसकट चिठ्ठी टाकून प्रत्येकी १२ घरं घेतली असती, तर मात्र तुमची तक्रार शंभर टक्के खरी होती. त्या पद्धतीत लहान गावातल्या घराला दहापट संधी मिळते.

‘मोठ्या गावात ४० तरी घ्यायची होती,’ असं तुम्ही फोनवर म्हणाला होता. तुमचा विषय पाणीटंचाईचा. एका वाडीतली घरं बहुधा एकाच विहिरीवर नाहीतर एकाच नळयोजनेवर असतात. एप्रिलात विहीर आटली की सगळ्यांची एकदमच आटते. तिसऱ्या-चौथ्या घरानंतर उत्तरं तीच येऊ लागतात, चाळिसावं घर नवं काही सांगत नाही. त्यापेक्षा तीच मेहनत आणखी दोन गावांत घातलेली बरी.

थर पाडणं, म्हणजे तालुक्याचे भाग करून प्रत्येकातून वेगळी निवड करणं, हेही पाण्याकडे बघूनच केलं. खलाटीत दुखणं खाऱ्या विहिरींचं, वलाटीत, म्हणजे डोंगराकडच्या भागात, आटलेल्या वहाळांचं. दोन्हींचे आकडे तुम्हाला वेगळे हवे होते, म्हणून वलाटीत घरं कमी असूनही दोन्हीकडे २०-२० गावं घेतली. वलाटीत समजा १२,००० कुटुंबं असतील, तर तिथली संधी १/५० होते. म्हणजे खलाटीतलं एक घर १०० घरांच्या वतीने बोलतं आणि वलाटीतलं ५०. एक्सेलमध्ये शेवटी ‘भारांक’ नावाचा रकाना होता तो याचसाठी. तुमच्या कार्यालयाने तो काढून टाकून साधी सरासरी छापली. त्यामुळे तालुक्याच्या आकड्यात वलाटीचं वजन तिच्या खऱ्या वाट्यापेक्षा जास्त झालं, आणि त्या आकड्यांवरून बोल मात्र आम्हाला लागले. हे बरोबर नाही, मॅडम.

आता घरयादी. २०११चा आकडा गाव निवडायला चालतो, घर निवडायला नाही. कागदावर ६० कुटुंबं असलेल्या गावात प्रत्यक्ष ८० सापडली, तर १२ घरांच्या हिशोबात भारांक १०० चा १३३ होतो. यादीच केली नसती तर हे कळलंच नसतं. मतदार यादीत माणसं असतात, चुली नसतात. एका घरात दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील तर ती दोन कुटुंबं. उलट मुंबईला स्थायिक झालेल्या चाकरमान्याचं नाव गावच्या यादीत असतं, घराला मात्र गणपती-शिमग्यापर्यंत कुलूप. ती यादी वापरली असती तर आमची मुलं बंद दारांसमोर उभी राहिली असती.

यादी वाडीवार केली, रस्त्यालगतच्या घरांपासून सड्यावरच्या शेवटच्या वाडीपर्यंत, दारावर खडूने नंबर टाकत. असा क्रम लावला की सिस्टिमॅटिक, म्हणजे ठरावीक अंतराने केलेल्या, निवडीत प्रत्येक वाडीला तिचा वाटा आपोआप मिळतो. समजा, १३७ कुटुंबं आणि १२ घ्यायची, तर अंतर ११.४२. हा अपूर्णांक तसाच ठेवायचा. सुरुवात ४.२५ निघाली तर ४.२५, १५.६७, २७.०८ असं पुढे जायचं आणि प्रत्येक वेळी वरचा पूर्णांक घ्यायचा: ५, १६, २८, आणि शेवटचं १३०. सोय म्हणून अंतर ११ धरलं, तर बारावं घर फार तर १३२ वर येतं. मग १३३ ते १३७ या घरांना कधीच संधी नाही. यादीच्या शेवटी कोण असतं? सड्यावरची वाडी, जिथे पाण्याची ओढाताण सगळ्यात जास्त. पुष्कळ सर्व्हे नेमके इथेच बिघडतात, आणि आकड्यांकडे बघून ते कळतही नाही. निवडलेले नंबर यादीशी ताडून पाहिले तरच दिसतं.

तुमचे समन्वयक आमच्या मुलांना सांगत होते, ‘कुलूप असेल तर शेजारचं घर घ्या.’ मुलांनी ऐकलं नाही, म्हणून ते रागावले. दिवसभर उघडं असतं ते म्हाताऱ्या माणसांचं घर. बागेत मजुरीला किंवा पहाटे होडीवर गेलेल्यांचं दार बंदच असणार. शेजारचं घर घेत गेलो असतो तर कष्टकरी घरं सॅम्पलमधून गळून गेली असती. म्हणून वेगवेगळ्या वेळी तीन खेपा घातल्या, आणि तरीही कोणी भेटलं नाही तर घर ‘भेट नाही’ म्हणून नोंदवलं. उशीर झाला तो बराचसा याच खेपांमुळे.

घरयादीचा खर्च कोटेशनच्या दुसऱ्या पानावर होता. यापुढे तो पहिल्या पानावर ठळक दाखवू, आणि भारांक नीट समजावून देण्याची सोयही करू. तुमची मूळ फाइल आमच्याकडे आहे. भारांक लावून तालुक्याचा आकडा पुन्हा काढून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. तो पाहिल्यावर अभिप्रायात बदल करावासा वाटला तर जरूर करा.