कोपरा

आमच्या नौपाड्यातल्या घरात पुस्तकं जास्त आणि माणसं कमी अशी परिस्थिती आली तेव्हा हिने एका रविवारी सांगून टाकलं की एक तर ही शेल्फं राहतील नाहीतर मी. मी दोन दिवस विचार केला (हे तिला सांगू नका) आणि मग बाबांची डबल झालेली आणि मी परत कधीच वाचणार नाही अशी पुस्तकं विकायला काढली. फोटो टाकले, किंमत लिहिली आणि तासाभरात सांगलीचे एक सर म्हणाले, घेतो. मला वाटलं की झालं काम. काम तिथून सुरू होतं हे मला कोण सांगणार!

पहिलं पार्सल मी बबल रॅपमध्ये केलं, तीन वेढे, आणि वरून ब्राउन टेप असा गुंडाळला की इजिप्तमध्ये लोक बघून हळहळले असते. आठ दिवसांनी सरांचा मेसेज आला, सोबत फोटो. "पानांचे कान दुमडलेले पाहिले होते, तुम्ही कव्हरचे दुमडून पाठवलेत." चारही कोपरे आत वळलेले, एखाद्या म्हाताऱ्या मांजरासारखे. मी शंभर रुपये परत केले आणि रात्रभर विचार करत बसलो की एवढे फुगे होते, मग गेले कुठे.

गेले कुठे म्हणजे, फुटले. आता डोकं लावलं की कळतं, पण तेव्हा नव्हतं कळलं. पुस्तक सपाट पडलं तर मार अख्ख्या कव्हरवर विभागला जातो, बबल रॅप आरामात झेलतो. पण पार्सल कधी सपाट पडतं का? गोणीतून बाहेर येताना ते कोपऱ्यावर उतरतं आणि त्या क्षणी पाऊण किलोचं पुस्तक नखाएवढ्या जागेवर उभं असतं. तिथे ते दोन-तीन फुगे काय करणार बिचारे! म्हणजे कोपऱ्याला नुसती गादी देऊन उपयोग नाही, तो जमिनीपर्यंत पोचलाच नाही पाहिजे.

हे कळायच्या आधी मी दुसरी चूक केली, ती जास्त महाग पडली. मेडिकलवाल्याकडून एक मोठा खोका आणला (तो म्हणाला, "काका, न्या ना, किती पाहिजेत?", आता मला बघितलं की तोच खोके बाहेर काढतो), त्यात सहाशे ग्रॅमचं पुस्तक ठेवलं, भोवती पेपरचे बोळे कोंबले आणि घाई होती म्हणून कुरिअरला घेऊन गेलो. त्या मुलाने वजन केलं, मग मोजपट्टी काढली. मी म्हटलं हे काय, सोफा पाठवतोय का? तो शांतपणे म्हणाला, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटीमीटरमध्ये, भागिले पाच हजार. खोका 30 बाय 25 बाय 12. नऊ हजार भागिले पाच हजार, एक पूर्णांक आठ किलो. "साहेब, यात हवा आहे, हवेचे पैसे लागतात." आणि एवढी हवा विकत घेऊनही कोपरा वाचला नाहीच, कारण पेपरचे बोळे प्रवासात दबतात, मग पुस्तक आत मोकळं होतं आणि प्रत्येक वळणावर खोक्याच्या भिंतीला टक्कर देतं. वर पेपरची शाई पांढऱ्या जॅकेटला लागली ती वेगळीच. घेणाऱ्या ताईंनी विचारलं की कव्हरवर राशीभविष्य उलटं का छापलंय.

मग मी गंभीर झालो. इंजिनिअर नाही मी, बँकेत आहे, पण ठाण्यातला माणूस स्टेशनच्या पुलावर रोज धक्के खातो, त्यामुळे आघात म्हणजे काय हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. बरं, आमच्याकडे बाबांची एक जुनी अकाउंट्सची गाइड होती, जाड, कोणी फुकट नेणार नाही अशी. तिला बळीचा बकरा केलं. वेगवेगळ्या पद्धतीने पॅक करायचं आणि डायनिंग टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाकायचं, मुद्दाम कोपऱ्यावर, तीनदा. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "अरे, सगळं ठीक आहे ना तुमच्यात?" हिच्याकडे फार मायेने बघत होत्या.

तर काकूंच्या मनःशांतीची किंमत देऊन जे हाती लागलं ते असं. आधी पुस्तक साध्या कोऱ्या कागदात, पेपरात नाही. मग प्लॅस्टिकची पिशवी, तोंड टेपने पूर्ण बंद, कारण जून ते सप्टेंबर इथे आडवा पाऊस येतो आणि पुठ्ठ्याला त्याच्याशी लढायचं कुठून माहीत असणार. टेप नेहमी पिशवीला, पुस्तकाला कधीही नाही. मग पुठ्ठ्याचे दोन तुकडे, पुस्तकापेक्षा चारही बाजूंनी दीड सेंटीमीटर मोठे. सगळी गंमत या दीड सेंटीमीटरमध्ये आहे. पार्सल कोपऱ्यावर पडलं की पुठ्ठ्याचा कोपरा दुमडतो, तो दुमडू दे, त्याचं कामच ते, आणि पुस्तकाचा कोपरा आत दीड सेंटीमीटर लांब बसून मजा बघतो.

पण (इथे माझ्या गाइडचे तीन कोपरे खर्ची पडले) ही रिकामी जागा ठेवली आणि पुस्तक आत सरकलं तर सगळं फुकट, ते घसरत जाऊन बरोब्बर त्याच कोपऱ्यात बसतं. म्हणून पुस्तक मधोमध बांधून टाकायचं. खालच्या पुठ्ठ्यावर ठेवून पिशवीवरून टेपचे दोन पट्टे, आडवा आणि उभा, आणि कडेच्या फटीत पुठ्ठ्याच्याच घड्या घातलेल्या पट्ट्या. अजून एक, पुठ्ठ्याच्या आत त्या नळ्या असतात ना, एका तुकड्यात उभ्या आणि दुसऱ्यात आडव्या यायला हव्यात. दोन्हीत एकाच दिशेने असतील तर अख्खं पार्सल त्या रेघेवर वहीसारखं मिटतं. शेवटी पार्सल कानाशी धरून हलवायचं. आतून काहीही आवाज आला, अगदी हळूच सरकल्याचासुद्धा, की उघडा आणि परत करा. मी हे पोस्टाच्या रांगेत करतो तेव्हा लोक दोन पावलं मागे सरकतात, त्यामुळे नंबरही लवकर लागतो.

पोस्टाचं सांगायचं राहिलं. पूर्वी रजिस्टर्ड बुक पोस्ट होतं, पुस्तकं विकणाऱ्यांचा जीव त्यात होता, ते 2024च्या डिसेंबरमध्ये बंद झालं आणि काही महिने आम्ही सगळे सुतकात होतो. मग 1 मे 2025 पासून ज्ञान पोस्ट आलं. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, टॅक्स वेगळा, ट्रॅकिंग मिळतं, जातं मात्र जमिनीवरून, विमानबिमान नाही, म्हणजे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचं की धीर धरा. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं. नियतकालिकं चालत नाहीत, जाहिराती भरलेलं काही चालत नाही. मी एकदा दिवाळी अंक पुस्तक म्हणून पुढे सरकवला होता. काउंटरवरच्या मॅडमनी मधलंच पान उघडलं, केसांच्या तेलाची फुल पेज जाहिरात, ती माझ्याकडे वळवली, माझ्या टकलाकडे बघितलं आणि काही न बोलता अंक परत दिला.

आता मुख्य प्रसंग. नागपूरच्या एका गृहस्थांनी बाबांच्या संग्रहातला एक जाडजूड ग्रंथ घेतला, कापडी बांधणी, कोपरे तलवारीसारखे. "कोपऱ्यांची काळजी घ्या" असं त्यांनी मला तीनदा सांगितलं, मी म्हटलं, साहेब, तुम्ही योग्य माणसाकडे आलात. किचनच्या काट्यावर नुसता ग्रंथ 872 ग्रॅम. मी मन लावून पॅक केला, यावेळी मार्जिन चांगलं अडीच सेंटीमीटरचं ठेवलं, परत काट्यावर ठेवला. 1006.

ज्ञान पोस्टात पाचशेच्या पुढे एक किलोपर्यंत पस्तीस रुपये, किलोच्या वर एक ग्रॅम गेलात की पन्नास. सहा ग्रॅमसाठी पंधरा रुपये! तत्त्वाचा प्रश्न होता. ही म्हणाली, "अरे, पंधरा रुपये मी देते, पण जेवायला बस." मी नाही ऐकलं. पार्सल उघडलं, मार्जिन अडीचवरून दीडवर आणलं, अकरा ग्रॅम गेले. टेप फक्त जोडांवर ठेवला, अजून तीन गेले. 992. बाहेरून खाकी कागद लावलाच नाही, पत्ता थेट पुठ्ठ्यावर लिहिला. पोस्टाचा काटा आणि आपला काटा यांच्यात दोन-चार ग्रॅमचं भांडण असतंच, शिवाय पावसाळ्यात पुठ्ठा रात्रभर दमट हवा पिऊन जड होतो, म्हणून रात्री पार्सल तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या कपाटात ठेवलं. हिने ते बघितलं आणि नुसती हसली.

सकाळी पोस्टात काट्यावर 994 आलं. मॅडम म्हणाल्या, "पस्तीस, अधिक टॅक्स." मला मॅडमशी हात मिळवावासा वाटत होता. घरी येताना तलावपाळीवर वडापाव खाल्ला, चहा घेतला, वाचवलेल्यापेक्षा दुप्पट खर्च झाला पण तो वेगळ्या खात्यातला.

सहाव्या दिवशी नागपूरहून फोटो आला. पुठ्ठ्याचा एक कोपरा चांगलाच चेपलेला आणि ग्रंथाचे चारही कोपरे जसेच्या तसे, तलवारी. खाली लिहिलं होतं, "पॅकिंग अप्रतिम, असं पॅकिंग आयुष्यात बघितलं नाही." मी तो मेसेज हिला वाचून दाखवला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खालच्या काकूंनाही दाखवला, त्यांना निदान आवाजांचा उलगडा झाला.

अर्ध्या तासाने दुसरा मेसेज आला. "एक विचारायचं होतं. यात 112 नंतर एकदम 129 पान आहे. मधला सोळा पानांचा फर्मा तुमच्याकडे राहिलाय का?"

मी बाबांचं कपाट पालथं घातलं, नव्हता. कधीच नव्हता बहुतेक, बाइंडिंगमध्येच राहिला असणार, आणि मी महिनाभर त्या ग्रंथाचे कोपरे बघत होतो, उघडून नव्हता पाहिला. त्यांना पूर्ण पैसे परत केले. रात्री झोप येईना म्हणून सहज उठलो, तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या पुस्तकातली सोळा पानं काट्यावर धरून बघितली. साधारण वीस ग्रॅम. म्हणजे ग्रंथ पूर्ण असता तर 1014 झाला असता.